पाच वर्षांची किराणा वही हाती आहे. मोठ्या माणसांना महागाईचा दर कसा उलगडून सांगावा?

वहीचे_पान (धागाकर्ता)

नमस्कार. आम्ही काही जण दर शनिवारी सायंकाळी प्रौढांचा एक अभ्यासवर्ग घेतो. वर्गात येणारी माणसे तिशीपासून सत्तरीपर्यंतची आहेत, सगळी घर चालवणारी आहेत आणि महागाई हा शब्द त्यांच्या तोंडी रोज असतो. तरीही ‘महागाईचा दर दोन टक्क्यांवर आला’ अशी बातमी आली की वर्गात दोन तट पडतात. काहींना भाव उतरले असे वाटते, तर काहींना ती बातमीच खोटी वाटते.

माझ्याकडे पाच वर्षांची घरखर्चाची वही आहे. दरमहा धान्य २० किलो, तेल ४ लिटर, दूध ३० लिटर, साखर ४ किलो आणि अंगाच्या साबणाच्या ८ वड्या, एवढा माल आमच्या घरी ठरलेला असतो. दर वर्षी त्याच एका महिन्यातले भाव मी खाली उतरवले आहेत. हिशेब कोणत्याही चलनात सारखाच चालतो, म्हणून चलनाचे नाव मुद्दाम गाळले आहे.

पहिले वर्ष: धान्य १५, तेल ५०, दूध १२, साखर २०, साबण ७.५०
दुसरे वर्ष: धान्य १६, तेल ५४, दूध १२.५०, साखर २०, साबण ७.५०
तिसरे वर्ष: धान्य १७, तेल ९०, दूध १३.५०, साखर २२, साबण ८
चौथे वर्ष: धान्य १८, तेल ८०, दूध १५, साखर २२, साबण ८
पाचवे वर्ष: धान्य १९, तेल ७२, दूध १६, साखर २६, साबण ८

गेल्या शनिवारी मी तेलापासून सुरुवात केली, कारण ते सगळ्यांच्या लक्षात होते. तेथेच गाडी अडली. एक गृहस्थ म्हणाले, “तेल दोन वर्षे सलग उतरते आहे, म्हणजे महागाई मागे फिरली.” त्यावर एका बाईंनी विचारले, “मग माझा महिन्याचा आकडा दर वर्षी वाढतोच कसा?” दोघांचेही म्हणणे मला खरे वाटत होते आणि ते एकत्र कसे बसवावे हे मला त्या क्षणी सांगता आले नाही. सूत्रे न मांडता, याच वहीवरून हे कसे समजावून सांगता येईल?

गणितप्रेमी

हे फार अवघड नाही. प्रत्येक वर्षाचे पाचही भाव एकाखाली एक लिहून बेरीज करा. पहिल्या वर्षाची बेरीज १०४.५० येते आणि पाचव्या वर्षाची १४१. म्हणजे चार वर्षांत ३४.९ टक्के वाढ झाली. तेल उतरले तरी बेरीज वाढलेली आहे, एवढे दाखवले की गृहस्थांचे समाधान होईल.

तराजू

गणितप्रेमी, एकाच वस्तूवरून निष्कर्ष काढू नये हे तुमचे म्हणणे बरोबर आहे, परंतु ही बेरीज वर्गात मांडू नये असे मी आग्रहाने सांगेन. त्यातला दोष वर्गातल्या एखाद्या चाणाक्ष माणसाच्या लगेच लक्षात येईल. तुम्ही एका किलोचा, एका लिटरचा आणि एका वडीचा भाव एकत्र मिळवला आहे. आता समजा, वहीत तेलाचा भाव अर्ध्या लिटरचा लिहिलेला असता. तो पहिल्या वर्षी २५ आणि पाचव्या वर्षी ३६ झाला असता. बाकी सगळे तेच ठेवून बेरीज केली तर ७९.५० वरून १०५ होते, म्हणजे वाढ ३२.१ टक्के निघते. बाजारात काहीही बदलले नाही, घरातही बदलले नाही, केवळ माप बदलले आणि महागाई जवळजवळ तीन टक्क्यांनी कमी झाली. ज्या हिशेबाचे उत्तर बाटलीच्या आकारावर ठरते तो हिशेब टिकणारा नाही.

त्यावरचा उपाय वहीतच आहे. घरात जेवढे लागते तेवढ्याने प्रत्येक भावाला गुणावे. पहिल्या वर्षी धान्याचे ३००, तेलाचे २००, दुधाचे ३६०, साखरेचे ८० आणि साबणाचे ६० होतात, मिळून नेमके १०००. तोच माल, तेवढाच, दुसऱ्या वर्षी १०५१ ला पडतो, तिसऱ्या वर्षी १२५७ ला, चौथ्या वर्षी १२८२ ला आणि पाचव्या वर्षी १३१६ ला. म्हणजे एकूण वाढ ३१.६ टक्के आहे. आता तेल लिटरने लिहा किंवा थेंबाने लिहा, उत्तर बदलत नाही. सरकारी आकडेवारीतला ग्राहक किंमत निर्देशांक मुळात याच वाटेने काढला जातो. फरक एवढाच की तेथे वस्तू शेकडो असतात आणि प्रमाण एका घराचे नसून हजारो घरांच्या खर्चाच्या पाहणीतून ठरवलेले असते.

वर्गात तुम्ही ‘भारांक’ हा शब्दही उच्चारू नका. “दुधाचा भाव एकाने वाढला तर तुम्हाला तीस जास्त द्यावे लागतात, साखरेचा एकाने वाढला तर चारच,” एवढे म्हटले तरी सगळे आले.

सायंतारा

आकडे पाहून असे वाटते की धान्य आधीच भरून ठेवणे शहाणपणाचे ठरले असते. पुढच्या वर्षी कोणती वस्तू सर्वांत जास्त वाढेल, हे या वहीवरून सांगता येईल का? मला साठवण करायची आहे.

वहीचे_पान

सायंतारा, वही मागचे सांगते, पुढचे नाही. दुसऱ्या वर्षी वही पाहून तेल ९० वर जाईल असे मी म्हणू शकलो नसतो. येथे मला समजावण्याची रीत हवी आहे, त्यामुळे साठवणीचा विषय वेगळ्या धाग्यावर घेऊ या.

पायवाट

तराजूंनी काढलेल्या बेरजा घेऊन मी दर काढले. दुसऱ्या वर्षी ५.१ टक्के, तिसऱ्या वर्षी १९.६ टक्के, चौथ्या वर्षी २ टक्के आणि पाचव्या वर्षी २.७ टक्के. बातमीचा सगळा गोंधळ चौथ्या वर्षात उघडा पडतो. दर १९.६ वरून २ वर आला, ही उतरण मोठी आहे, आणि तरीही महिन्याचे बिल १२५७ वरून १२८२ झाले, म्हणजे चढले. उतरला तो वाढण्याचा वेग. भाव उतरलेला नाही.

आमच्या घरी मोठ्यांना हे सांगताना मला मुलांच्या उंचीचा दाखला उपयोगी पडला. भिंतीवर दर वाढदिवशी रेघ मारलेली असते. एखाद्या वर्षी मूल आठ अंगुळे वाढते, पुढच्या वर्षी एकच अंगूळ. उंची वाढण्याचा वेग घटला म्हणून कोणी मूल बुटके झाले असे म्हणत नाही. नवी रेघ जुन्या रेघेच्या वरच असते. भाव खरोखर उतरायचे असतील, तर दर शून्याच्या खाली जावा लागतो.

मात्र हेही सांगितले पाहिजे की चार वर्षांत माल ३१.६ टक्क्यांनी महाग झाला, म्हणजे आपल्या पैशाची किंमतही ३१.६ टक्क्यांनी उतरली.

तराजू

पायवाट, उंचीचा दाखला उत्तम आहे, परंतु तुमचे शेवटचे वाक्य दुरुस्त करावे लागेल. पाचव्या वर्षी तुमच्या हातात पहिल्या वर्षीइतकेच १००० असतील आणि तोच माल १३१६ ला मिळत असेल, तर १००० मध्ये त्या मालाचा ७६ टक्के भाग येतो. म्हणजे पैशाची खरेदीची ताकद २४ टक्क्यांनी घटली. भाव दुप्पट झाले तर वाढ १०० टक्के असते, पण पैशाची किंमत शून्य होत नाही, निम्मी होते. हा टोकाचा दाखला आधी द्यावा, म्हणजे २४ चा आकडा आपोआप पटतो.

उंबरठा

मी एकटी राहते. माझे उत्पन्न ठरलेले आहे आणि ते या पाच वर्षांत एका पैशानेही वाढलेले नाही. धागाकर्त्यांच्या यादीतले ३० लिटर दूध माझ्या घरी सहा महिन्यांतही संपणार नाही. माझा खर्च जातो तो औषधांवर आणि घरभाड्यावर, आणि त्यांचा या वहीत कोठेही उल्लेख नाही. तेव्हा ३१.६ टक्के हा आकडा माझा कसा म्हणायचा? वर्गात माझ्यासारखे कोणी असेल, तर हा हिशेब ऐकून त्याला आपण मोजणीतच नाही असे वाटेल.

वहीचे_पान

उंबरठाताई, तुमचा आक्षेप योग्य आहे आणि माझ्या वर्गात अशा दोघी आहेत. ही केवळ स्वयंपाकघराची, आणि तीही एका घराची वही आहे. भाडे, औषधे, प्रवास, शाळा यांचा तिच्यात समावेश नाही, हे मी वर्गात आरंभीच सांगेन.

तराजू

उंबरठाताईंच्या मुद्द्याला थोडी अधिक जागा देणे योग्य होईल. याच वहीतले भाव ठेवून फक्त प्रमाण बदलून पाहा. महिन्याला ५ लिटर दूध, ५ किलो धान्य, २ लिटर तेल, १ किलो साखर आणि २ वड्या साबण एवढाच माल घेणाऱ्या माणसाला पहिल्या वर्षी २७० लागत होते. पाचव्या वर्षी त्याला ३६१ लागतात. वाढ ३३.७ टक्के झाली, कारण या घरात तेलाचा वाटा मोठा आहे. भाव तेच, दुकान तेच, तरी दोन घरांची महागाई वेगळी. जाहीर होणारा आकडा हा सगळ्या घरांच्या खर्चाचा एकत्रित आकडा असतो. जास्त खर्च करणाऱ्या घराची त्यात जास्त मोजणी होते, त्यामुळे ठरलेल्या उत्पन्नावर राहणाऱ्या माणसाला तो आकडा परका वाटतो आणि पुष्कळदा तो खरोखर परकाच असतो. वर्गातल्या प्रत्येकाने आपल्याच पाच वस्तू आणि आपलेच प्रमाण लिहून हा हिशेब करावा, असे मी सुचवेन.

काळी_माती

इतका वेळ सगळे ‘किती’ यावरच बोलत आहेत. प्रौढ माणूस विचारणार ‘का’. बाजारात पैसा जास्त आला की भाव वाढतात, हे एकच कारण आहे. ते सांगितले की बाकी आकडेमोडीची गरज उरत नाही.

पायवाट

काळी_माती, पैसा वाढला म्हणून भाव वाढले असे मानले, तर तिसऱ्या वर्षी साबण ७.५० वरून ८ वर आणि तेल ५४ वरून ९० वर का गेले? पैसा तर दोन्हींसाठी सारखाच वाढला होता.

काळी_माती

तेलाचे त्या वर्षी पीक बुडाले असेल. ती वेगळी गोष्ट आहे. मी दीर्घ काळाविषयी बोलतो आहे.

तराजू

मला वाटते, ‘ती वेगळी गोष्ट’ हेच धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर आहे. एका वस्तूचा भाव वाढणे आणि सगळ्या वस्तूंचे भाव मिळून चढत राहणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि या वहीत त्या दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या आहेत. त्या सोडवण्यासाठी तेल थोडा वेळ बाजूला ठेवा आणि उरलेल्या चार वस्तूंचीच बेरीज करा. पहिल्या वर्षी ८००, मग ८३५, ८९७, ९६२ आणि १०२८. यांचे दर पाहा: ४.४, ७.४, ७.२ आणि ६.९ टक्के.

आता चौथ्या वर्षावर बोट ठेवा. संपूर्ण मालाचा दर २ टक्के होता आणि ऐकणाऱ्याला वाटले की महागाई निवली. प्रत्यक्षात त्या वर्षी तेलाने घरखर्चातले ४० कमी केले आणि बाकी चौघांनी मिळून ६५ वाढवले. गृहस्थांनी ४० ची घट पाहिली आणि बाईंनी बेरजेतली २५ ची वाढ पाहिली. दोघेही खरे बोलत होते. दोघांच्याही नजरेतून जे निसटले ते हे की तेल सोडून उरलेला माल सात टक्क्यांच्या वेगाने महागतच होता आणि तेलाच्या उताराने तो वेग झाकून टाकला होता. तिसऱ्या वर्षी याच्या नेमके उलट घडले. त्या वर्षी २०६ ची वाढ झाली आणि त्यातले १४४ एकट्या तेलाचे होते, त्यामुळे १९.६ हा आकडा होता त्याहून भयंकर भासला.

पुष्कळ देशांच्या मध्यवर्ती बँका अन्न आणि इंधन वगळून काढलेला दरही पाहतात, तो याच कारणासाठी. हवामान, पीक किंवा युद्ध यांमुळे ज्यांचे भाव उसळतात आणि पुन्हा बसतात, अशा वस्तू बाजूला केल्या की खालचा प्रवाह दिसतो. कारणांच्या बाबतीत वही येथपर्यंतच येते. पीक बुडाले, मजुरी वाढली, पैसा वाढला की वाहतूक महागली, हे ती सांगत नाही. वाढ एका वस्तूपुरती आहे की सर्वदूर आहे, एवढेच ती दाखवते.

उंबरठा

हे मला बौद्धिकदृष्ट्या पटते, पण वर्गात जरा जपून सांगा. “तेल बाजूला ठेवा” म्हटले की माझ्यासारखी बाई विचारेल, तेलावाचून घर चालते का? अन्न आणि इंधन वगळून जो दर काढला जातो, त्यात आमचे निम्मे जगणेच वगळलेले असते.

तराजू

हे मान्य आहे. घर चालवायला संपूर्ण बेरीजच पाहावी लागते आणि तिसऱ्या वर्षीचे १२५७ खिशातून खरोखरच गेले होते. तेल वगळलेला आकडा हा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे: पुढेही भाव चढत राहतील असा कल आहे का? बिलाचा प्रश्न आणि कलाचा प्रश्न फळ्यावर दोन वेगळ्या रकान्यांत लिहावेत.

गणितप्रेमी

माझी पहिली बेरीज चुकीची होती, हे मापाच्या दाखल्यावरून पटले. धागाकर्त्यांनी ती चूकही वर्गात मुद्दाम करून दाखवावी, कारण माझ्यासारखे पुष्कळ जण तेथूनच सुरुवात करतील.

काटकसर

सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे की घर दर वर्षी ४ लिटरच तेल घेते. आमच्या घरी तेल ९० झाल्यावर आम्ही ३ लिटरवर आलो. तिसऱ्या वर्षीचे आमचे बिल १२५७ नव्हे, ११६७ होते. १०५१ वरून ११६७ म्हणजे ११ टक्के वाढ. मग आमची महागाई १९.६ टक्के होती असे का म्हणायचे? माणसे भाव पाहून वागणे बदलतात आणि हिशेबाने ते ओळखले पाहिजे.

तराजू

काटकसर, तुमच्या मुद्द्यावर या विषयातले जाणकार दीडशे वर्षे वाद घालत आले आहेत. आधी तुमचा ११ चा आकडा तपासू. दुसऱ्या वर्षीच्या बेरजेत ४ लिटर तेल आहे आणि तिसऱ्या वर्षीच्या बेरजेत ३ लिटर. म्हणजे या अकरात दोन गोष्टी मिसळल्या आहेत, भाव वाढला ती आणि तुम्ही एक लिटर कमी घेतले ती. महागाई मोजायची तर दोन्ही वर्षांत माल सारखाच हवा. तुमच्या नव्या सवयीप्रमाणे दोन्ही वर्षी ३ लिटर धरले, तर दुसऱ्या वर्षी ९९७ आणि तिसऱ्या वर्षी ११६७ होतात, म्हणजे १७.१ टक्के.

जुने प्रमाण धरून १९.६ आणि नवे प्रमाण धरून १७.१, असे दोन आकडे मिळतात. पहिली रीत लास्पेअर या जर्मन अर्थतज्ज्ञाने १८७१ साली मांडली आणि दुसरी पाश यांनी १८७४ साली. दोहोंच्या मधला गुणोत्तरी मध्य घ्यावा, असा आग्रह पुढे अमेरिकेतल्या आयर्विंग फिशर यांनी धरला. आपल्या आकड्यांवर तो १८.३ च्या आसपास येतो. जुन्या रीतीने महागाई सहसा थोडी जास्त दिसते, कारण माणसे महाग वस्तू कमी घेऊ लागतात हे ती लक्षात घेत नाही. अमेरिकेत १९९६ साली एका आयोगाने तेथील निर्देशांक या व अशा इतर कारणांमुळे वर्षाला सुमारे १.१ टक्क्याने जास्त दाखवतो असा निष्कर्ष काढला होता आणि त्यावर बराच वाद झाला.

उंबरठा

पण एक लिटर तेल कमी वापरणे ही निवड होती की नाइलाज? नाइलाजाने सोडलेली वस्तू हिशेबातूनही सोडली, तर माणूस जितका जास्त सोडत जाईल तितकी त्याची महागाई कमी दिसेल. हे मला न्याय्य वाटत नाही.

काटकसर

आम्हाला त्याचा विशेष त्रास झाला नाही, तळलेले पदार्थ कमी झाले इतकेच. पण ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

जुनी_पाने

या चर्चेला साजेसा एक जुना प्रसंग सांगतो. पंधराव्या शतकात स्थापन झालेल्या इंग्लंडमधल्या एका महाविद्यालयात अशी अट होती की ज्याचे स्वतःचे वार्षिक उत्पन्न पाच पौंडांहून अधिक असेल, त्याला तेथली अध्ययनवृत्ती ठेवता येणार नाही. अडीचशे वर्षांनंतर एका विद्यार्थ्यापुढे प्रश्न उभा राहिला की आपले उत्पन्न पाचांहून अधिक आहे, परंतु त्या काळचे पाच पौंड आणि आजचे पाच पौंड एकच मानावेत काय? १७०७ साली विल्यम फ्लीटवुड या धर्मगुरूने त्याचे उत्तर शोधताना धान्य, पेय, मांस आणि कापड यांचे शेकडो वर्षांचे भाव गोळा केले. जुन्या काळी पाच पौंडांत जेवढा माल येई, तेवढ्याला आपल्या काळी २८ ते ३० पौंड लागतात, असे त्याने काढले. रोजच्या गरजेच्या ठरावीक वस्तू घेऊन महागाई मोजण्याच्या पहिल्या प्रयत्नांत याची गणना होते. मला यातले विशेष वाटते ते असे की त्याने नाण्यापासून नव्हे, तर नाण्याने काय घरी येते तेथून सुरुवात केली, आणि धागाकर्तेही तेच करत आहेत.

बारीक_अक्षरे

मी किरकोळ मालाच्या पुरवठ्यात काम केले आहे, म्हणून एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. तुमच्या वहीत साबण तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वर्षी ८ वरच थांबलेला आहे. बाकी सगळे चढत असताना एक वस्तू तीन वर्षे जागची हलत नाही, हे पाहिले की मी आधी वेष्टनावरचे वजन तपासतो. वहीत ‘८ वड्या’ लिहिले आहे. ग्रॅम लिहिलेले नाहीत. धागाकर्त्यांकडे जुनी वेष्टने आहेत का?

वहीचे_पान

तुमचा संदेश वाचून मी न्हाणीघरातल्या फडताळात शोधले. जुन्या साठ्यातली एक न उघडलेली वडी मागे राहिली होती. तिच्यावर १२५ ग्रॅम लिहिले आहे आणि सध्याच्या वडीवर १०० ग्रॅम. लांबी-रुंदी हाताला सारखीच लागते. पण वडी उलटी केली की तळाला मधोमध खोलगट भाग दिलेला दिसतो, वजन तेथून कमी झाले आहे. पत्नीच्या म्हणण्यानुसार चौथ्या वर्षापासून आठ वड्या महिनाभर पुरत नव्हत्या आणि मधेच दोन आणाव्या लागत. त्या दोन वड्या मी किरकोळ खर्चात लिहीत आलो, साबणाच्या ओळीत नाही.

बारीक_अक्षरे

मग हिशेब असा बदलतो. पूर्वी ८ वड्यांत १००० ग्रॅम साबण येई. आता तेवढ्यासाठी १० वड्या लागतात, म्हणजे ६४ ऐवजी ८०. चौथ्या वर्षाची बेरीज १२८२ नसून १२९८ होते आणि त्या वर्षाचा दर २ नसून ३.३ टक्के. संपूर्ण खर्चात साबणाचा वाटा जेमतेम सहा टक्के असूनही दर एवढा सरकला. पाचव्या वर्षाची बेरीज १३३२ होते, म्हणजे चार वर्षांची वाढ ३३.२ टक्के.

सरकारी गणक भाव लिहिताना वजनही लिहितात आणि ग्रॅममागे भाव काढतात, त्यामुळे असा बदल त्यांच्या नजरेत येतो. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१२ ते २०१७ या काळात आकाराने लहान झालेल्या २,५२९ वस्तू नोंदवल्या होत्या. घरच्या वहीत मात्र हा बदल हमखास निसटतो. वजन तसेच ठेवून दर्जा उतरवला असेल, पातळ केले असेल, तर तो पकडणे गणकांनाही अवघड जाते.

पायवाट

म्हणजे बातमीतल्या ‘दोन टक्क्यां’वर विश्वास न ठेवणाऱ्या वर्गातल्या बाईंना कदाचित या जास्तीच्या दोन वड्याच जाणवत असाव्यात.

काळी_माती

साबणाची वडी पोकळ करणारा उत्पादक नफेखोर आहे की त्याचाही कच्चा माल महागला होता? हे कोणी सांगेल का?

बारीक_अक्षरे

मी दोन्ही प्रकार पाहिले आहेत. वेष्टनावरून ते कळत नाही.

वहीचे_पान

काल वर्ग झाला, त्याचा वृत्तान्त देतो.

फळ्यावर आधी गणितप्रेमींची बेरीज केली आणि मग तेल अर्ध्या लिटरने लिहून तीच पुन्हा केली. उत्तर बदलताच वर्गातूनच सूचना आली की “घरात किती लागते ते लिहा.” त्यानंतरच्या बेरजा वर्गानेच केल्या. चौथ्या वर्षी तेलाचे उणे ४० आणि बाकीचे अधिक ६५ असे शेजारी शेजारी मांडले, तेव्हा ते गृहस्थ बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “मी तेवढे एकच पान वाचत होतो.” उंचीच्या रेघांचा दाखला मी दिला, परंतु त्याची फारशी गरज पडली नाही, १२५७ खाली १२८२ लिहिल्यावर वेग आणि पातळी यांतला फरक बहुतेकांना दिसला. पैशाची ताकद २४ टक्क्यांनी घटते, हे मात्र निम्म्या वर्गाला पटले नाही आणि तो भाग मला पुढच्या शनिवारी पुन्हा घ्यावा लागेल.

दोन्ही वड्या वर्गात फिरवल्या. एका आजींनी एक वडी एका तळहातावर आणि दुसरी दुसऱ्यावर धरली, डोळे मिटले आणि कोणती जुनी ते अचूक सांगितले. त्यानंतर प्रत्येकाने आपापल्या पाच वस्तू आणि त्यांचे प्रमाण कागदावर लिहिले. औषधे लिहिणाऱ्या दोघींकडे जुने भाव नव्हते, म्हणून त्यांच्या कागदावर सध्या फक्त पहिला रकाना भरला आहे.

शेवटी काटकसर आणि उंबरठाताई यांचा वाद मी जसाच्या तसा वर्गापुढे ठेवला: तेल ३ लिटरवर आणलेल्या घराचा हिशेब ४ लिटरने करावा की ३ लिटरने? हात वर करायला सांगितले. अकरा जण चारच्या बाजूने होते, सात जण तीनच्या. प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी हात वर केला नाही. “आधी त्या घराला विचारा, चौथा लिटर हवा होता का,” असे त्या म्हणाल्या.